नव्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा पहिला आठवडा आणि कार्डमालेचा प्रश्न : मोताळा तालुक्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

नोकरीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय सांगावे, कोणी सांगावे आणि कोणत्या रूपात सांगावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत कॅरोसेल या नव्या साधनामुळे पुन्हा चर्चेत आला आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सरकवत एकामागून एक पाहायच्या कार्डांच्या मालिकेला कॅरोसेल म्हणतात. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2017 मध्ये एकाच पोस्टमध्ये दहापर्यंत चित्रे टाकण्याची सोय दिली, तेव्हापासून हे रूप सर्वपरिचित झाले, आणि पुढे खासगी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी ते नवागताच्या ओळखीसाठी उचलले. या मालिकेत सामान्यतः तीन गोष्टी असतात : कामाची साधने, भेटायची माणसे आणि रोजचा क्रम.

हे रूप शहरी कार्यालयासाठी घडलेले आहे, कारण तेथे साधने टेबलावर असतात, माणसे एकाच मजल्यावर बसतात आणि रोजचा क्रम घड्याळाने ठरलेला असतो. ग्रामीण महसूल प्रशासनात यांपैकी एकही गोष्ट तशी नसते, आणि म्हणूनच या साधनाची ताकद व मर्यादा तेथे अधिक स्पष्ट दिसतात. बुलडाणा व मलकापूर यांच्या दरम्यान वसलेल्या मोताळा तालुक्यात सज्जावर रुजू होणारा ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपरवापर्यंतचा तलाठी आणि वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही पटवारीच, हे उदाहरण त्या दृष्टीने येथे घेतले आहे. सज्जा म्हणजे एका अधिकाऱ्याच्या ताब्यातील एक किंवा अनेक गावांचा महसुली गट होय. 2023 च्या तलाठी भरतीत जिल्हावार गुणवत्ता यादी लागत असली, तरी अर्ज राज्यातून कोठूनही करता येत होता, त्यामुळे धामणगाव बढे किंवा रोहिणखेडच्या शिवारात रुजू होणारा उमेदवार सोलापूरचा किंवा नांदेडचा असण्यात नवल नाही. असा माणूस कायदा पाठ करून येतो, पण गाव त्याला पूर्णपणे अनोळखी असते.

पार्श्वभूमी

वऱ्हाडात पटवारीपण दीर्घकाळ वंशपरंपरेने चालले, आणि वतनाच्या त्या व्यवस्थेत पहिला आठवडा हा प्रश्नच संभवत नव्हता, कारण मुलगा बापाच्या शेजारी बसून दप्तर पाहत मोठा होई आणि कोणत्या खातेदाराचा कोणाशी बांधावरून वाद आहे हे त्याला नेमणुकीच्या आधीच ठाऊक असे. या पद्धतीचे दोष, विशेषतः दप्तर एका घराच्या मुठीत राहणे, इतके उघड होते की ती मोडणे अटळ ठरले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली आणि राज्याच्या सर्व विभागांत गावपातळीवरील महसुली पद व दप्तर यांना एकच चौकट मिळाली. 1971 च्या अधिकार अभिलेख नियमांनी गाव नमुन्यांची घडी आणखी पक्की केली. वतन गेले तेव्हा त्यासोबत शिकण्याची ती घरगुती वाटही गेली, आणि तिची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न तेव्हापासून उघडा राहिला.

ती जागा प्रथम पुस्तकाने घेतली. जुन्या मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन यांचे महसुली हिशेबांचे मॅन्युअल हे प्रत्येक नमुना कसा भरावा, कोणत्या नमुन्याचा कोणत्याशी ताळा घ्यावा, हे सांगणारे प्रमाण पुस्तक ठरले, आणि एकत्रित राज्यात त्याची परंपरा विदर्भातही पोहोचली. त्यानंतर प्रशिक्षणसंस्थांनी ही जागा घेतली : पुण्याची यशदा, विभागीय व जिल्हा पातळीवरील वर्ग, आणि सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या केंद्रीय कार्यक्रमाचे ऑनलाइन अभ्यासक्रम. पुस्तक परिपूर्ण होते पण जाड होते. वर्ग व्यवस्थित होते पण पुष्कळदा रुजू झाल्यानंतर बऱ्याच काळाने भरत. या दोहोंच्या मधल्या पोकळीत, म्हणजे रुजू झाल्याच्या सकाळपासून पहिल्या वर्गापर्यंतच्या दिवसांत, आज व्हॉट्सअ‍ॅपवरची कार्डे शिरली आहेत.

कार्डांच्या बाजूचे म्हणणे

कार्डमालेच्या समर्थकांचा पहिला आधार मानसशास्त्राचा आहे. जॉन स्वेलर यांनी 1988 मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक भाराच्या सिद्धान्तानुसार माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून वापरता येणारी माहिती, फार मर्यादित असते, आणि अनोळखी विषयात ती लगेच भरून जाते. एकवीस गाव नमुन्यांची यादी पहिल्याच दिवशी हातात देणे म्हणजे काहीही न देण्यासारखे आहे. त्याऐवजी सात-बारा, आठ-अ, सहा आणि सहा-क एवढ्या चारच नमुन्यांचे कार्ड द्यावे, असे हा पक्ष म्हणतो. सात-बारा हा जमिनीचा हक्क आणि पीक दाखवणारा उतारा, आठ-अ हे एका खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र दाखवणारे खाते, सहा ही फेरफारांची म्हणजे हक्कातील बदलांची नोंदवही आणि सहा-क ही वारसांची नोंदवही होय. गावातून येणाऱ्या कामाचा मोठा भाग या चारांभोवती फिरतो.

दुसरा आधार समानतेचा आहे. ज्याला चांगला मंडळ अधिकारी लाभला तो शिकतो आणि ज्याला लाभला नाही तो चाचपडतो, हा नशिबाचा भाग कार्डामुळे कमी होतो. याचे एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. शेतकरी एकरात बोलतो आणि सात-बारा हेक्टर-आरमध्ये लिहिलेला असतो. एक एकर म्हणजे सुमारे 40 आर, त्यामुळे दोन एकरांचा तुकडा उताऱ्यावर 0.81 असा दिसतो, आणि त्यातही पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, वेगळे दाखवलेले असते. ही गोष्ट कोणी सांगितली नाही तर नवा अधिकारी पहिल्याच दिवशी चावडीत, दोन एकर वावर कागदावर कमी कसे झाले, या प्रश्नापुढे अडखळतो. कार्डावर मात्र ती तीन ओळींत बसते आणि पुन्हा पुन्हा पाहता येते.

सहवासाच्या बाजूचे म्हणणे

दुसऱ्या पक्षाची मांडणी जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या 1991 च्या ग्रंथात सापडते. शिंप्यांपासून सुइणींपर्यंत अनेक व्यवसायांतील उमेदवारी पाहून त्यांनी असे म्हटले की, नवागत माणूस कामाच्या कडेला राहून, छोटी पण खरी कामे करत करत त्या कामाच्या माणसांत सामील होतो, आणि शिकणे हे या सामील होण्यापासून वेगळे काढता येत नाही. या दृष्टीने पाहिले तर महसूल खात्यातील खरे ज्ञान, म्हणजे अर्जात जे लिहिलेले नाही ते कसे विचारावे, पंचनाम्याच्या वेळी कोणाला बोलवावे, बांधावर उभे राहून दोन भावांचे म्हणणे कसे ऐकावे, हे कार्डावर उतरतच नाही.

या पक्षाला सर्वांत जास्त बळ मिळते ते जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन यांनी 1979 मध्ये केलेल्या एका भेदातून. नवागताला त्याच पदावर आधी असलेला माणूस वाट दाखवायला उपलब्ध असेल तर त्या प्रवेशाला त्यांनी क्रमागत म्हटले, आणि तसा कोणी नसेल तर विच्छिन्न. सज्जावरचा प्रवेश पुष्कळदा विच्छिन्न असतो, कारण आधीचा अधिकारी बदलून गेलेला असतो आणि मधल्या काळात शेजारच्या सज्जाच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार असतो. तो माणूस दोन्ही दप्तरे सांभाळून थकलेला असतो आणि कार्यभार लवकर उतरावा एवढीच त्याची इच्छा असते. अशा वेळी प्रभार यादीवर, म्हणजे सोपवलेल्या दप्तराच्या यादीवर, न मोजता सही होते. आणि काही महिन्यांनी एखादी जुनी फेरफार नोंदवही सापडत नाही तेव्हा जबाबदारी नव्या माणसावर येते. हे टाळण्याचा उपाय साधा आहे : यादीतील प्रत्येक नोंदवही हातात घेऊन तिची पाने व शेवटचा फेरफार क्रमांक पाहावा, आणि प्रणालीत प्रलंबित दिसणाऱ्या फेरफारांची यादी त्याच दिवशी काढून प्रभार यादीला जोडावी. सहवासाचा पक्ष म्हणतो की हे शेजारी बसणारा माणूसच करवून घेतो. कार्डांचा पक्ष म्हणतो की शेजारी कोणी नसतो, म्हणूनच हे कार्डावर हवे. दोघेही एकाच वस्तुस्थितीवर बोट ठेवून उलट निष्कर्ष काढतात, आणि या विशिष्ट मुद्द्यावर तरी कार्डांचा निष्कर्ष अधिक व्यवहार्य वाटतो.

तिसरी दृष्टी : माणूस स्वतः

या दोन पक्षांच्या बाहेर एक भारतीय प्रयोग उभा आहे. डॅनियल केबल, फ्रान्चेस्का जिनो आणि ब्रॅडली स्टॅट्स यांनी विप्रोच्या दूरध्वनी-सेवा केंद्रांतील नव्या कर्मचाऱ्यांवर केलेला हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवशीच्या छोट्या सत्रात काहींना संस्थेची मूल्ये व अभिमान यांविषयी सांगितले गेले, तर काहींना स्वतःची बलस्थाने ओळखून ती कामात कशी आणता येतील याचा विचार करायला लावले गेले. दुसऱ्या गटातील लोक अधिक टिकले आणि त्यांच्याविषयी ग्राहकांचे समाधानही अधिक आढळले. सरकारी नोकरीत पहिल्या काही महिन्यांत सोडून जाण्याचा प्रश्न दूरध्वनी-केंद्रासारखा नाही, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. तरीही खात्याचे बोधचिन्ह, वरिष्ठांचे छायाचित्र आणि शुभेच्छा यांनी भरलेले पहिले कार्ड नवागताला फारसे काही देत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

मोताळ्यासाठी कार्डमाला आखायची झाल्यास

राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे सोमवारी रुजू होणाऱ्या माणसाच्या हाती कागदोपत्री पाच दिवस असतात. साधनांचे कार्ड पहिल्या दिवशी द्यावे, असे शहरी नमुना सांगतो. येथे मात्र मुख्य साधनच पहिल्या दिवशी हातात नसते. फेरफाराची सर्व कामे ई-फेरफार या संगणकप्रणालीत होतात. तिच्यात प्रवेश करण्यासाठी अधिकाऱ्याचा सेवार्थ क्रमांक त्या सज्जाशी जोडावा लागतो, आणि उताऱ्यावर सही करण्यासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते, जे पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ही जोडणी तहसील कार्यालयातील ई-फेरफार पाहणाऱ्या नायब तहसीलदारांकडून होते. म्हणून पहिले साधन-कार्ड खरे पाहता अर्ज-कार्ड असायला हवे : कोणता अर्ज, कोणाकडे, सोबत काय. त्याच कार्डावर एक इशाराही अनिवार्य ठरतो, तो म्हणजे टोकन व त्याचा संकेतशब्द कोणाही मदतनिसाच्या किंवा खासगी संगणकचालकाच्या हाती न देणे. गर्दीच्या दिवशी हा मोह होतो, आणि त्या सहीने जे काही निघते त्याची जबाबदारी सही ज्याच्या नावाची आहे त्याच्यावरच राहते.

माणसांचे कार्ड हे या मालिकेतील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत अवघड कार्ड आहे, कारण ते मुंबई-पुण्यात छापून येऊ शकत नाही. त्यात मंडळ अधिकारी आधी येतात, कारण फेरफार प्रमाणित तेच करतात. मग येतो कोतवाल, ज्याला अलीकडे महसूल सेवक असे नाव मिळाले आहे. तो बहुधा गावचाच असतो आणि नोटीस कोणाच्या दारात बजावायची हे त्याला नकाशाशिवाय कळते. पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी (2024 मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र होऊन हे पद झाले), कृषी खात्याचा गावपातळीवरचा कर्मचारी, भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणीचा कर्मचारी आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांची नोंद त्यानंतर येते. निव्वळ पदांची यादी मात्र निरुपयोगी ठरते. प्रत्येक पदासमोर कोणत्या कामासाठी त्याच्याकडे जायचे हे लिहिले तरच कार्ड चालते : मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडे, हद्दीची खूण भूमी अभिलेखाकडे, खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे. ज्या सज्जात नळगंगा प्रकल्पाच्या लाभक्षेत्राची किंवा संपादित जमिनीची गावे येतात, तेथे पाटबंधारे शाखेचे नावही या कार्डावर चढते. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली आहे. तो पुढे सरकला तर भूसंपादनाचे एक नवे कार्ड या तालुक्याला करावे लागेल.

रोजच्या क्रमाचे कार्ड कसे असावे हे एका वारस नोंदीच्या आधारे पाहता येते. समजा, सोमवारी एक स्त्री पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन सज्जा कार्यालयात येते आणि तिचे, दोन मुलांचे व एका विवाहित मुलीचे नाव लावण्याचा अर्ज देते. अधिकाऱ्याने त्याच दिवशी अर्जाची पोच द्यायची आणि मृताच्या नावे कोणकोणते गट आहेत हे आठ-अवरून काढायचे, कारण अर्जात बहुधा एकाच गटाचा उल्लेख असतो. मंगळवार-बुधवारी गावात चौकशी करायची. पोलीस पाटील व शेजारी यांना विचारताना सर्वांत सोपी चूक होते ती विवाहित मुलीचे नाव गळण्याची, कारण सांगणारा घरात राहणाऱ्यांचीच नावे सांगतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा की एकूण मुले-मुली किती झाली, त्यांतील कोण हयात आहे आणि कोण कोठे दिले आहे. त्यानंतर सहा-क मध्ये वारसांची नोंद होते व ती मंडळ अधिकाऱ्यांकडे जाते. तेथून मान्य होऊन आली की सहा नंबरला फेरफार धरला जातो आणि संहितेच्या कलम 150 नुसार हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सात-बारा बदलतो.

येथे पहिल्या आठवड्याच्या कार्डमालेची मूळ अडचण दिसते. या कामाचा सर्वांत साधा पूर्ण फेरादेखील आठवड्यात संपत नाही. नव्या अधिकाऱ्याने सोमवारी घेतलेल्या अर्जाचा शेवट तिसऱ्या-चौथ्या आठवड्याआधी त्याला दिसत नाही. पाच दिवसांत त्याला फक्त सुरुवाती दिसतात. यावर एक उपाय सुचवला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे : नव्या अर्जासोबतच मागील महिन्यांतील एक प्रमाणित झालेला आणि एक हरकत आलेला असे दोन फेरफार दप्तरातून काढून पहिल्या आठवड्यात उलट क्रमाने वाचायला द्यावेत, म्हणजे शेवट आधी कळतो आणि प्रत्येक कागद का लागतो हे मागे जाताना उमगते. अशा वेळी कार्डाचे काम कोणता कागद कोठे पाहायचा एवढे दाखवण्यापुरते उरते, आणि ते काम त्याला चांगले जमते.

हंगामाचा मुद्दाही दिनक्रमाशीच जोडलेला आहे. महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होते. ऑगस्टमध्ये रुजू होणाऱ्याचा आठवडा खरिपाच्या ई-पीक पाहणीत जातो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून कपाशी, सोयाबीन, तूर, मका अशी पिकाची नोंद करतो, आणि ज्यांना ते जमत नाही ते अधिकाऱ्याच्या दारात येतात. मार्चमध्ये रुजू होणाऱ्याला वसुलीचा ताण भेटतो, आणि अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर पहिल्याच दिवशी तो पंचनाम्यासाठी शेतात असतो. बारमाही एकच कार्डमाला त्यामुळे कामाची ठरत नाही. निदान खरीप, रब्बी आणि वसुली अशा तीन आवृत्त्या लागतात.

जे अद्याप ठरलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न रूपाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रांच्या रूपात पाठवलेली कार्डे क्रम सोडून पोहोचतात, त्यांतली बारीक देवनागरी अक्षरे दाबली जातात आणि त्यांत शब्द शोधता येत नाही. तीच मालिका पीडीएफ म्हणून दिली तर शोध व क्रम दोन्ही टिकतात, पण बोटाने सरकवत पाहण्याची सहजता, जिच्यासाठी हे रूप निवडले होते, ती कमी होते. दुसरा प्रश्न जुनेपणाचा आहे. गेल्या काही वर्षांतच तलाठी, ग्रामसेवक आणि कोतवाल या तिन्ही पदांची नावे बदलली, आणि प्रणालींचे पडदे तर त्याहून लवकर बदलतात. प्रत्येक कार्डावर तारीख व ते तपासणाऱ्याचे पदनाम हवे यावर फारसे दुमत नाही, पण ते तपासायचे कोणी यावर आहे : तहसील कार्यालयाने केले तर स्थानिकता टिकते आणि कामाचा भार वाढतो, जिल्ह्याने किंवा प्रशिक्षणसंस्थेने केले तर भार हलका होतो आणि माणसांचे कार्ड पुन्हा निव्वळ पदांची यादी बनते.

मोजमापाचा प्रश्न याहून अवघड आहे. कार्डे किती जणांनी उघडली हे कळते, पण ती उपयोगी पडली का हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी नव्या अधिकाऱ्याने धरलेल्या फेरफारांपैकी किती त्रुटीसाठी मंडळ अधिकाऱ्यांकडून परत आले, हे पहिल्या तीन महिन्यांत पाहावे असा एक पर्याय मांडला जातो. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे, कारण परत येण्याच्या भीतीने माणूस अवघड अर्ज धरायचेच टाळू शकतो, आणि असे टाळलेले अर्ज प्रणालीत दिसत नाहीत. ते फक्त आवक नोंदवही आणि फेरफार यांचा ताळा घेतल्यावरच सापडतात.

अतिरिक्त कार्यभाराचा मुद्दा तर या चर्चेत अजून नीट उतरलेलाच नाही. नवागताला पहिल्याच महिन्यात दुसरा सज्जा सोपवला गेला, तर त्याचे साधन एकच राहते, पण माणसांचे कार्ड दुप्पट होते आणि रोजचा क्रम कोणत्या गावाच्या बाजारदिवसाभोवती बांधायचा हे त्यालाच ठरवावे लागते. आजवर सुचवलेल्या मालिका एक माणूस आणि एक सज्जा हे गृहीत धरून आखलेल्या आहेत.